झोपताना प्रश्न विचारताय? स्वप्नाकडून उत्तर मागताना या चुका टाळा

झोपण्यापूर्वी एक प्रश्न मनाशी धरायचा, तो घेऊनच झोपायचं आणि सकाळी जे स्वप्न आठवेल त्यात उत्तर शोधायचं, या प्रकाराला मानसशास्त्रात ‘ड्रीम इन्क्युबेशन’ म्हणतात. कल्पना फार जुनी आहे. ग्रीसमध्ये एपिडॉरसला ॲस्क्लेपियसच्या देवळात आजारी माणसं मुद्दाम रात्री झोपायला येत, स्वप्नात देव येऊन उपाय सांगेल या आशेने. आपल्याकडेही दृष्टांत हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. नामदेव पांडुरंगाला सोबत घेऊन स्वप्नात आले आणि कवित्व करायला सांगून गेले, असं खुद्द तुकोबांनी सांगितलं आहे.

या लेखात मात्र श्रद्धेचा भाग बाजूला ठेवून फक्त पद्धतीबद्दल लिहितो आहे. ही पद्धत करून पाहणारे बरेच जण दोन-तीन रात्रींत कंटाळून सोडून देतात, कारण एक तर स्वप्न आठवत नाही, किंवा आठवतं ते भलतंच असतं. बहुतेक वेळा गडबड ठरावीक ठिकाणीच झालेली असते.

आधी अपेक्षा किती ठेवायची ते पाहू. हार्वर्डच्या मानसशास्त्रज्ञ डीअर्ड्रे बॅरेट यांनी १९९३ मध्ये ७६ विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने आपल्याला खरोखर सतावणारा एक प्रश्न निवडायचा आणि आठवडाभर रोज रात्री तो मनात घेऊन झोपायचं. साधारण निम्म्या मुलांना त्या प्रश्नाशी संबंध असलेलं स्वप्न पडलं आणि त्यातल्या बहुतेकांना त्यात उत्तरही आहे असं वाटलं. तटस्थ परीक्षकांनी तीच स्वप्नं वाचली तेव्हा आकडा थोडा खाली आला. म्हणजे आठवडाभर नेटाने केलं तर विषयावरचं स्वप्न पडण्याची शक्यता निम्मी-निम्मी, आणि उत्तर सापडलं की नाही हे बरंचसं ज्याचं त्याने ठरवायचं. यापेक्षा मोठं आश्वासन कुणी देत असेल तर विश्वास ठेवू नका.

चूक पहिली: नको तो प्रश्न विचारणं

बॅरेट यांच्या अभ्यासात एक फरक ठळक दिसला. नातं, घर, पुढची वाट अशा वैयक्तिक प्रश्नांची उत्तरं मिळाली असं सांगणारे बरेच होते. अभ्यासाच्या किंवा तर्काच्या प्रश्नांना तसं यश नव्हतं.

तर्काच्या कोड्यांचं काय होतं हे विल्यम डिमेंट या झोपेच्या संशोधकाने त्याआधीच तपासून पाहिलं होतं. त्यांनी ५०० विद्यार्थ्यांना तीन रात्री तीन कोडी दिली. झोपण्याआधी बरोबर १५ मिनिटं कोड्यावर विचार करायचा, मग झोपायचं आणि सकाळी स्वप्न लिहून काढायचं. एकूण १,१४८ प्रयत्नांमधून ८७ स्वप्नं कोड्याशी संबंधित निघाली आणि स्वप्नातून कोडं सुटलं ते फक्त सात वेळा.

सात हा आकडा निराश करणारा आहे, पण त्या सातांपैकी एक स्वप्न बघण्यासारखं आहे. कोडं होतं: ओ, टी, टी, एफ, एफ, यानंतरची दोन अक्षरं कोणती? एका विद्यार्थ्याच्या स्वप्नात तो चित्रांच्या दालनातून चालला होता आणि भिंतीवरची चित्रं मोजत होता. सहावं आणि सातवं चित्र चौकटीतून फाडून नेलेलं होतं. रिकाम्या चौकटींकडे बघताना त्याला जाणवलं की उत्तर इथेच आहे. वन, टू, थ्री, फोर, फाइव्ह. पुढे सिक्स आणि सेव्हन, म्हणून एस आणि एस. स्वप्नाने त्याला अक्षरं सांगितली नाहीत. मोजत जायची कृती आणि दोन मोकळ्या जागा, एवढंच दाखवलं.

यामागचं कारण समजून घेतलं तर प्रश्न निवडणं सोपं जातं. आपल्याला ठळक, गोष्टीसारखी स्वप्नं पडतात ती मुख्यतः झोपेच्या ‘रेम’ टप्प्यात. तेव्हा मेंदूतले चित्रं आणि भावनांशी संबंधित भाग जोरात काम करत असतात आणि तर्क लावणारा, ‘हे शक्य नाही’ म्हणून अडवणारा कपाळामागचा भाग मंदावलेला असतो. म्हणून स्वप्नात हिशेब जमत नाही, पाठ केलेली माहिती नीट सापडत नाही, पण दूरच्या दोन गोष्टी सहज शेजारी येऊन बसतात. ज्या प्रश्नात काहीतरी डोळ्यांपुढे आणायचं आहे, किंवा ज्यात आपण एकाच बाजूने विचार करून अडकलो आहोत, तो प्रश्न इथे आणावा. गृहकर्जाचा हप्ता परवडेल का, हे कागदावर मांडा. परीक्षेचा निकाल काय लागेल, हरवलेली अंगठी कुणी घेतली, हे स्वप्नाला माहीत असण्याचं काही कारणच नाही. आणि अंगठीच्या प्रश्नावर मिळालेलं ‘उत्तर’ घरातल्या एखाद्या निरपराध माणसावर आळ आणू शकतं, हे विसरू नका.

चूक दुसरी: प्रश्न फार मोठा किंवा गोल ठेवणं

‘माझ्या आयुष्याचं काय होणार?’ या प्रश्नाला स्वप्न काय दाखवणार! प्रश्न एका ओळीत मावला पाहिजे आणि त्यात एखादी दिसणारी गोष्ट असली पाहिजे.

माझी एक मैत्रीण हौशी नाटकांचं नेपथ्य करते. एका एकांकिकेत तिला वाड्याची ओसरी आणि मुंबईतली भाड्याची खोली एकाच रंगमंचावर, मधे अंधार न करता दाखवायची होती. पहिल्या रात्री तिने वहीत लिहिलं, ‘सेट चांगला कसा होईल?’ त्यातून काहीच हाती लागलं नाही. मग तिने प्रश्न बदलला: ‘ओसरीतली कोणती वस्तू खोलीतही शोभेल?’ आता प्रश्नात दोन जागा होत्या, एक वस्तू होती आणि डोळ्यांपुढे आणायला काहीतरी होतं. दोन-तीन रात्रींनी तिला स्वप्न पडलं ते आजोळच्या झोपाळ्याचं, आणि त्या झोपाळ्यावर कुणीतरी कपडे वाळत घातलेले. सकाळी तिने ते चित्र वहीत काढलं आणि झोपाळ्याच्या कड्यांना दोरी बांधून खोली कशी उभी राहील यावर दिवसभर बसली. लाकडी फळी काढता-घालता यायला हवी हे तिला सुताराशी बोलल्यावर कळलं. ते स्वप्नात नव्हतं.

वैयक्तिक प्रश्नातही असंच करा. ‘सासूबाईंशी माझं का पटत नाही?’ यापेक्षा ‘स्वयंपाकघरात त्या आल्या की मला नेमकं काय टोचतं?’ हा प्रश्न जास्त उपयोगाचा. हो किंवा नाही असं उत्तर येईल असा प्रश्न टाळा. तसंच प्रश्नात उत्तर आधीच दडवून ठेवू नका. ‘ही नोकरी सोडायलाच हवी ना?’ असं विचारलं की मन फक्त मान डोलावतं.

चूक तिसरी: जागेपणी काम न करता झोपेवर सोडणं

ऑटो लोवी यांची गोष्ट या विषयावर लिहिणारे सगळेच सांगतात, पण तिचा अर्धा भागच सांगतात. ऑस्ट्रियात ग्राझ इथे हे औषधशास्त्राचे प्राध्यापक होते. १९२० च्या सुमाराची ईस्टरच्या आदली रात्र. मध्यरात्री जागे होऊन त्यांनी एका चिटोऱ्यावर काहीतरी खरडलं आणि ते पुन्हा झोपले. सकाळी स्वतःचंच अक्षर त्यांना लागेना. दिवसभर डोकं खाजवलं, व्यर्थ. दुसऱ्या रात्री तीनच्या सुमाराला तीच कल्पना परत आली. या वेळी त्यांनी धोका पत्करला नाही, ते उठून थेट प्रयोगशाळेत गेले.

प्रयोग असा होता. बेडकांची दोन हृदयं वेगळी काढून द्रवात ठेवायची. पहिल्याची व्हेगस नस उद्दीपित केली की त्याचे ठोके मंदावतात. मग त्याच्याभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर घालायचा. दुसऱ्याचेही ठोके मंदावले! म्हणजे नस हृदयाला जो निरोप देते तो कुठल्यातरी रसायनातून जातो. याच कामासाठी १९३६ चं नोबेल त्यांना हेन्री डेल यांच्यासोबत मिळालं.

न सांगितला जाणारा भाग असा की ही रासायनिक निरोपाची कल्पना लोवी यांच्या डोक्यात १९०३ पासून होती. ती तपासायची कशी हे सापडत नव्हतं. आणि बेडकाच्या हृदयाभोवतीचा द्रव तपासायची युक्ती त्यांनी त्या स्वप्नाच्या दोनेक वर्षं आधी वेगळ्याच कामासाठी वापरलेली होती. दोन्ही तुकडे त्यांच्याजवळ होते, स्वप्नात ते जोडले गेले. लोवी यांनी पुढे हेही लिहिलं की दिवसा नीट विचार केला असता तर हा प्रयोग त्यांनी केलाच नसता, कारण सापडण्याइतकं रसायन द्रवात उतरेल असं तर्काने वाटत नव्हतं. अडवणारं मन झोपलेलं होतं म्हणून ती कल्पना आत येऊ शकली.

तेव्हा प्रश्न झोपेच्या हवाली करण्याआधी दोन-चार दिवस तरी त्याच्याशी झटापट झालेली हवी. कविता अडली असेल तर तिचे कच्चे खर्डे झालेले हवेत. चालीवर काम करत असाल तर न जमलेल्या चाली गुणगुणून झालेल्या हव्यात. मसाला घातलाच नाही तर रात्रभर मुरणार काय?

चूक चौथी: रात्र आणि सकाळ हातची घालवणं

बॅरेट यांची पद्धत साधी आहे. प्रश्न एका ओळीत कागदावर लिहा आणि उशाशी ठेवा. प्रश्नाशी संबंधित एखादी वस्तू जवळ ठेवता आली तर ठेवा. चित्र अर्धवट राहिलं असेल तर ते, पत्र लिहायचं असेल तर कोरा लिफाफा. अंथरुणात पडण्याआधी काही मिनिटं प्रश्नावर विचार करा. पडल्यावर विचार थांबवून प्रश्नाचं चित्र डोळ्यांपुढे आणा आणि झोप लागता लागता मनाशी म्हणा की मला याबद्दल स्वप्न हवं आहे. उशाशी वही, पेन आणि मंद दिवा.

इथे लोक दोन टोकं गाठतात. एक म्हणजे तासभर विचार करत राहणं. त्याने प्रश्न चिंता होतो आणि झोपच उडते. पंधरा मिनिटं भरपूर झाली. दुसरं म्हणजे प्रश्न लिहून झाल्यावर मोबाइल उघडणं. झोपण्याआधीचं शेवटचं चित्र आपल्या प्रश्नाचं असावं म्हणून एवढा खटाटोप, आणि त्यावर आपणच रील्सची रांग लावतो. वही मिटली की दिवा मालवायचा, मधे काही नाही.

झोपेची लांबीही महत्त्वाची आहे. रेमचे टप्पे साधारण दर दीड तासाने येतात आणि रात्र सरते तसे लांबत जातात. सर्वांत लांब टप्पे पहाटेच्या बाजूला असतात. रात्री एकला झोपून सहाचा गजर लावणारा माणूस नेमकी तीच स्वप्नं कापून टाकतो. त्याला वाटतं, आपल्याला स्वप्नंच पडत नाहीत. दारूनेही रात्रीच्या पूर्वार्धातली रेम झोप दबते. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी रेम कमी होते आणि स्वप्नं कमी आठवू शकतात. पण स्वप्नांसाठी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. प्रयोगासाठी शनिवारची रात्र निवडा, गजर न लावता.

आता सकाळ. जाग आली की हलू नका. डोळे मिटलेले ठेवा, कूस बदलू नका आणि आत्ता मनात काय होतं एवढंच स्वतःला विचारा. शेवटचा प्रसंग सापडला की त्याच्या आधी काय झालं असं मागे मागे जा. प्रसंग नसेल तर नुसता भाव पकडा: घाई होती, लाज वाटत होती, कुणाची तरी वाट बघत होतो. मग लिहा, आणि वाचता येईल असं लिहा. लोवींना कल्पना दुसऱ्यांदा मिळाली, सगळ्यांना मिळत नाही. पहाटे अर्धवट झोपेत लिहिलेले दोन तुटक शब्द सकाळी काहीही सांगत नाहीत. निदान एक पूर्ण वाक्य आणि जमल्यास एक रेखाटन हवं. ‘उठून चहा टाकते आणि मग लिहिते’ म्हणालात की गेलं. आणि सोपं म्हणून फोनमध्ये नोंद करायला जाल तर आधी व्हॉट्सॲप दिसेल, मग स्वप्न उरणार नाही.

चूक पाचवी: समोर आलेलं उत्तर न ओळखणं

डिमेंट यांच्या कोड्यांमध्ये आणखी एक होतं: एच, आय, जे, के, एल, एम, एन, ओ, ही अक्षरं कोणता एक शब्द सुचवतात? उत्तर आहे पाणी, कारण ती ‘एच टू ओ’, म्हणजे एचपासून ओपर्यंत आहेत. एका विद्यार्थ्याला त्या रात्री एकामागून एक स्वप्नं पडली. शार्कची शिकार, मोठमोठ्या लाटा, धो धो पाऊस, समुद्रातली नाव. सगळीकडे पाणीच पाणी. पण तो आपल्या आधीच्या उत्तरावरच अडून बसला: ‘वर्णमाला’. स्वप्न रात्रभर सांगत राहिलं आणि त्याने ऐकलं नाही, कारण उत्तर त्याने झोपण्याआधीच ठरवून टाकलं होतं.

म्हणून सकाळी लगेच अर्थ लावू नका. आधी स्वप्न जसंच्या तसं लिहून काढा, मग त्यात वारंवार काय येतंय ते बघा: एखादी वस्तू, जागा, हालचाल. स्वप्नफळाची पुस्तकं या कामी निरुपयोगी आहेत. साप म्हणजे हे आणि दात पडला म्हणजे ते, असे ठरलेले अर्थ तुमच्या प्रश्नाला ओळखत नाहीत. तुमच्या सापाचा तुमच्याशी काय संबंध, एवढंच विचारायचं.

बॅरेट यांच्या अभ्यासातलं एक उदाहरण इथे उपयोगी आहे. एका विद्यार्थ्याला पुढच्या शिक्षणासाठी चिकित्सा मानसशास्त्र घ्यावं की औद्योगिक मानसशास्त्र, हे ठरत नव्हतं. स्वप्नात तो अमेरिकेच्या नकाशावरून विमानाने चालला होता. इंजिन बिघडलं. वैमानिक म्हणाला, उतरावं लागेल. याने सुचवलं, मॅसॅच्युसेट्समध्ये उतरू या. वैमानिक म्हणाला, मॅसॅच्युसेट्स फार धोक्याचं, आणखी पश्चिमेला जाऊ. जागं झाल्यावर लक्षात आलं की चिकित्सा मानसशास्त्राचे दोन्ही अभ्यासक्रम मॅसॅच्युसेट्समध्ये, म्हणजे घराजवळ होते आणि औद्योगिकचे दोन्ही टेक्सास आणि कॅलिफोर्नियात. खरा पेच विषयाचा नव्हताच, घरापासून लांब जायचं की नाही याचा होता. स्वप्नाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही, प्रश्न कुठे चुकला ते दाखवलं. वैयक्तिक बाबतीत या पद्धतीचा खरा उपयोग मला इथेच दिसतो.

चूक सहावी: स्वप्नाला आज्ञा मानणं

त्याच उदाहरणात एक सापळाही आहे. वैमानिक ‘धोक्याचं’ म्हणाला म्हणून कुणी मॅसॅच्युसेट्सवर काट मारली तर ते चूक. स्वप्नात मनातली भीतीही बोलते, इच्छाही बोलते आणि कालची मालिकाही बोलते. लग्न मोडणं, राजीनामा, जमिनीचा व्यवहार, औषध बदलणं यांपैकी काहीही एका स्वप्नावर करू नका. लोवींनी स्वप्नावर विश्वास ठेवला नाही, त्यांनी प्रयोग करून पाहिला. स्वप्नातून जे सुचलं त्याची दिवसाढवळ्या करता येईल अशी छोटी तपासणी शोधा: चाल पेटीवर वाजवून बघा, वाक्य मोठ्याने वाचा, ज्याच्याबद्दल स्वप्न पडलं त्याच्याशी साधं बोला. आणि सुटलं असं वाटलेलं उत्तर आठवड्याने पुन्हा वाचा. पहाटे थोर वाटलेल्या कित्येक कल्पना दुपारी पुसट होतात.

घाईही नको. दिवसातले प्रसंग स्वप्नात येतात ते त्याच रात्री, किंवा मग पाच ते सात दिवसांनी, असं संशोधनात आढळलं आहे. तेव्हा एकच प्रश्न आठवडाभर ठेवा, रोज नवा नको. तिसऱ्या रात्री प्रश्न सोडून दिलात तर पुढच्या आठवड्यात आलेलं स्वप्न तुम्हाला त्याच्याशी जोडताही येणार नाही.

रात्रभर जमत नसेल तर

दुपारच्या डुलकीवरही काम झालं आहे. पॅरिसमधल्या एका प्रयोगात, २०२१ मध्ये, गणिताच्या प्रश्नातला एक लपलेला नियम शोधायचा होता. मधल्या विश्रांतीत ज्यांना झोपेच्या उंबरठ्यावरचे निदान १५ सेकंद मिळाले त्यांच्यापैकी ८३ टक्के लोकांना पुढे तो नियम सापडला, जागे राहिलेल्यांपैकी ३० टक्क्यांना आणि गाढ झोपेकडे गेलेल्यांपैकी १४ टक्क्यांना. हातात एखादी वस्तू धरून खुर्चीत डोळे मिटायचे. झोप गाढ व्हायला लागली की ती पडते आणि जाग येते. मात्र इथे नियम सापडला तो जागं झाल्यावर काम करताना, डुलकीतल्या चित्रात नव्हे. म्हणून याला स्वप्नाचं उत्तर म्हणू नये. कथा-कवितेच्या अडलेल्या ओळीसाठी ही डुलकी करून बघण्यासारखी आहे. नात्यातल्या प्रश्नासाठी मी रात्रच पसंत करेन.

कुणी करू नये

ज्यांना निद्रानाश आहे त्यांनी अंथरुणात प्रश्न नेऊच नये. त्यांच्यासाठी अंथरूण फक्त झोपेचं राहू द्यावं. अपघात, अत्याचार किंवा जवळच्या माणसाच्या मृत्यूचा धक्का ताजा असेल, त्याचीच दुःस्वप्नं पडत असतील, तर त्या विषयावर स्वप्न मागू नका. वारंवार पडणाऱ्या दुःस्वप्नांसाठी वेगळा उपचार आहे: दिवसा, जागेपणी त्या स्वप्नाचा शेवट बदलून लिहायचा आणि रोज काही मिनिटं ते बदललेलं स्वप्न मनात घोळवायचं. त्यावर चांगलं संशोधन झालेलं आहे, पण धक्का मोठा असेल तर तो मानसोपचारतज्ज्ञाच्या मदतीनेच करावा. आणि रोजच्या नोंदींमुळे झोप तुटायला लागली, दिवसा थकवा राहू लागला, तर वही काही आठवडे बाजूला ठेवून द्या.